हाऊसफुल्लमध्ये हलायचं कसं?

चांदीचे पैंजण बरेच दिवस डब्यात पडले की काळे पडतात. हवेत गंधकाचे काही वायू किंचित प्रमाणात असतात, त्यांच्याशी चांदीचा संयोग होतो आणि वर चांदीच्या सल्फाइडचा काळा थर बसतो. आई किंवा आजी तो घासून काढून टाकते. पण १८३३ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे याच काळ्या पदार्थाचा तुकडा घेऊन बसले होते. त्यांनी तो प्लॅटिनमच्या दोन पत्र्यांमध्ये धरला, बॅटरी जोडली आणि वीज दाखवणारा काटा बघितला. काटा जेमतेम हलला. मग त्यांनी तुकड्याखाली दिवा धरला. जसजसा तुकडा तापला, तसतशी वीज वाढत गेली आणि शेवटी तो जवळजवळ धातूसारखी वीज वाहू लागला. दिवा काढला, तुकडा निवला, वीज पुन्हा घटली.

यात एवढं नवल काय? नवल असं, की धातू याच्या बरोबर उलट वागतात. हे घरीही तपासता येतं. जुना, तारेचा, ६० वॅटचा पिवळा बल्ब कुठे मिळाला तर तो होल्डरमध्ये न लावता, नुसता हातात धरून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. मोठं कुणी सोबत असू द्या. मीटर साधारण ६० ते ७० ओहम दाखवेल. आता हिशोब करा : २३० व्होल्टवर ६० वॅट खाणाऱ्या बल्बचा रोध हवा २३० गुणिले २३० भागिले ६०, म्हणजे सुमारे ८८० ओहम! दोन्ही आकडे खरे आहेत. गार बल्बचा रोध ६०-७० ओहमच असतो. पेटल्यावर आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि रोध तेरा-चौदा पट होतो. तापलेल्या धातूतले अणू जोरजोरात थरथरतात आणि पळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेत येतात. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

मग चांदीचं सल्फाइड उलटं का वागलं? अणू तर तिथेही थरथरतातच. नीट उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९३१ साली ॲलन विल्सन या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने ते मांडलं.

एकट्या अणूतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा घेता येत नाही. त्याच्यासाठी ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात. एक तर या पायरीवर, नाही तर त्या पायरीवर. अधेमधे लटकणं नाही. आता असे कोट्यवधी अणू दाटीवाटीने एकत्र आले की प्रत्येक पायरीच्या तितक्याच बारीक बारीक पायऱ्या होतात. त्या इतक्या जवळ असतात की सगळ्या मिळून एक सलग पट्टा वाटतो. अशा पट्ट्याला म्हणायचं ऊर्जापट्टा. एक पट्टा संपला की काही अंतर मोकळं जातं, तिथे एकही पायरी नसते, आणि मग पुढचा पट्टा सुरू होतो. हे मधलं मोकळं अंतर म्हणजे बँड गॅप. आपण त्याला फट म्हणू.

आता एक नाट्यगृह डोळ्यांसमोर आणा. खालचा मजला म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेला सगळ्यात वरचा पट्टा, आणि बाल्कनी म्हणजे त्याच्यावरचा रिकामा पट्टा. मध्ये जिना नाही. प्रत्येक खुर्चीवर एकच इलेक्ट्रॉन बसणार, कुणी कुणाच्या मांडीवर बसायचं नाही, हा निसर्गाचा फार कडक नियम आहे. आता बॅटरी ओरडते, ‘सगळे जरा डावीकडे सरका!’ खालचा मजला हाऊसफुल्ल असेल तर सरकणार कुठे? इलेक्ट्रॉन भरपूर आहेत, पण हलायला जागा नाही, म्हणून वीज वाहत नाही. झाला दुर्वाहक.

तांब्यात आणि चांदीत मात्र हाच मजला अर्धा रिकामा असतो. प्रत्येक अणू या पट्ट्यात दोन खुर्च्या आणतो, पण त्यांत बसायला इलेक्ट्रॉन एकच पाठवतो. शेजारची खुर्ची रिकामी, त्यामुळे बॅटरीने हलकेच ढकललं तरी सगळे सरकतात. झाला सुवाहक. (खुर्ची म्हणजे इथे खरीखुरी जागा नाही हं, ‘एवढी ऊर्जा आणि अशी गती’ असं एक ठरलेलं खातं आहे. पण चित्र म्हणून ते चालून जातं.)

आणि अर्धवाहक? त्याचाही खालचा मजला हाऊसफुल्लच असतो, अगदी दुर्वाहकासारखा. फरक फक्त बाल्कनी किती उंच आहे याचा. म्हणजे अर्धवाहक हा अर्धं तांबं आणि अर्धी काच असा काही मधला पदार्थ नव्हे. तो फार उंच बाल्कनी नसलेला दुर्वाहकच असतो, आणि मला वाटतं ही गोष्ट पुस्तकांत पुरेशा जोरात सांगितली जात नाही.

उंची मोजायला इलेक्ट्रॉन-व्होल्ट नावाचं माप आहे. रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल एका इलेक्ट्रॉनला ढकलून जेवढी ऊर्जा देतो, ती दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट. या मापाने हिऱ्याची फट सुमारे ५.५ आहे, सिलिकॉनची १.१ आणि जर्मेनियमची ०.६७. या तिघांत अणू एकमेकांशी अगदी एकाच नक्षीने जोडलेले असतात, प्रत्येकाला चार शेजारी. नक्षी तीच, पण कार्बनचे अणू छोटे, त्यांचे बंध आखूड आणि घट्ट, म्हणून हिऱ्याची फट मोठी.

या फटीचा एक पुरावा डोळ्यांना थेट दिसतो. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा साधारण १.८ ते ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. एवढ्याने हिऱ्यातला इलेक्ट्रॉन बाल्कनीत पोचत नाही, म्हणून तो प्रकाश घेतच नाही. प्रकाश आरपार जातो, हिरा पारदर्शक! सिलिकॉनमध्ये तेवढी ऊर्जा पुरून उरते. प्रकाश आत गिळला जातो आणि सिलिकॉन काळपट, अपारदर्शक दिसतं.

आता उष्णतेकडे येऊ. खोलीच्या तापमानाला उष्णतेचे जे धक्के बसत असतात, त्यांची नेहमीची ताकद सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सिलिकॉनची फट याच्या चाळीसपटीहून जास्त. मग कुणी उडी मारणारच नाही? तसं नाही. धक्के सगळ्यांना सारखे बसत नाहीत. बहुतेकांना बारके बसतात, क्वचित एखाद्याला जबरदस्त बसतो आणि तो वर जातो. शुद्ध सिलिकॉनमध्ये साधारण पाच लाख कोटी अणूंमागे असा एक इलेक्ट्रॉन बाल्कनीत सापडतो. तिथे तो मोकळाच मोकळा. शिवाय खाली त्याची खुर्ची रिकामी राहते. शेजारचा तिच्यात सरकतो, मग त्याची खुर्ची रिकामी होते, मग त्याच्या शेजारचा सरकतो... रिकामी खुर्चीच जणू उलट्या दिशेने चालत निघते! तिला होल म्हणतात आणि तीही वीज वाहते.

तांब्यात मात्र प्रत्येक अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. कुठे एकास एक आणि कुठे पाच लाख कोटींमागे एक!

आणि हिरा? फट फक्त पाचपट मोठी, म्हणजे पाचपट कमी इलेक्ट्रॉन असं वाटेल. पण फट वाढली की उडीची शक्यता भयंकर वेगाने कोसळते. खोलीच्या तापमानाचा, अगदी शुद्ध हिऱ्याचा हिशोब केला तर पृथ्वीएवढ्या हिऱ्यात उष्णतेने बाल्कनीत गेलेले इलेक्ट्रॉन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात. मी हा हिशोब दोनदा तपासला, विश्वासच बसेना.

म्हणजे तापवल्यावर दोन गोष्टी एकदम होतात : अणूंची थरथर वाढते, ती वीज अडवते, आणि बाल्कनीत जाणारे वाढतात, ते वीज वाढवतात. तांब्यात दुसरी गोष्ट घडायला वावच नाही, कारण मोकळे इलेक्ट्रॉन आधीच सगळे मोकळे आहेत. म्हणून २० अंशांवरून १०० अंशांवर नेलं की तांब्याचा रोध सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, बस. शुद्ध सिलिकॉनला तेच करून बघा. थरथरीमुळे इलेक्ट्रॉनांची चाल जवळजवळ निम्मी होते. पण त्यांची संख्या होते दोनशेपटीहून जास्त! चाल निम्मी आणि संख्या दोनशेपट, म्हणजे वीज शंभरपटीहून जास्त सहज वाहते. फॅरडेंच्या तुकड्यातही मुख्यतः हेच चाललं होतं. फक्त चांदीच्या सल्फाइडमध्ये तापल्यावर चांदीचे भारित अणूसुद्धा हिंडू लागतात, त्यामुळे त्याचा हिशोब जास्त किचकट आहे. म्हणून मी सिलिकॉन घेतलं.

आता जरा खोडी. मोबाइलच्या चिपमधलं सिलिकॉन तापवलं तर तेही असंच वागेल का? लगेच नाही. त्यात मुद्दाम फॉस्फरससारखे अणू मिसळलेले असतात. फॉस्फरसकडे बंधांना लागतात त्यापेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असतो, आणि त्याला बाल्कनीत जायला ०.०४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढीच ऊर्जा लागते. दहा लाख अणूंत एक फॉस्फरस मिसळला, तरी मोकळे इलेक्ट्रॉन शुद्ध सिलिकॉनच्या लाखो पट होतात. खोलीच्या तापमानाला ते जवळजवळ सगळे वर गेलेले असतात, म्हणजे संख्या ठरून गेली. असं सिलिकॉन तापवलं की सुरुवातीला फक्त थरथर वाढते आणि त्याचा रोध चक्क धातूसारखा वाढतो! खूपच तापवलं, की खालच्या मजल्यावरून उड्या मारणारे फॉस्फरसवाल्यांना संख्येत गाठतात, आणि मग रोध घसरू लागतो.

हे गाठणं चिपसाठी वाईट. तिचं सगळं काम ‘इथे इलेक्ट्रॉन जास्त, तिथे होल जास्त’ या काटेकोर मांडणीवर चालतं, आणि सगळीकडे दोन्ही उगवले की मांडणीच पुसली जाते. त्याच्या बऱ्याच आधी गळती सुरू होते : बंद असलेल्या वाटेनेही थोडी थोडी वीज झिरपते. झिरपणारी वीज चिपला तापवते, तापली की आणखी झिरपते, आणखी तापते. वेळीच आवरलं नाही तर चिप जळते.

१९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बनलेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. त्याची फट लहान, म्हणून खोलीच्या तापमानालाच शुद्ध सिलिकॉनच्या हजारपटीहून जास्त इलेक्ट्रॉन वर गेलेले. असे ट्रान्झिस्टर ७०-८० अंशांच्या पुढे भरवशाचे राहत नसत. १९५४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर विकायला आणले, आणि ही मर्यादा १५० अंशांच्या आसपास गेली. विजेवर चालणाऱ्या काही गाड्यांमध्ये तर आता सिलिकॉन कार्बाइड वापरतात. त्याची फट आहे ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.