उभ्या गाडीचा खर्च

पुण्यात गाडी घ्यावी का, याचा हिशेब बहुतेक घरांत पेट्रोलपासून सुरू होतो. खरा खर्च मात्र गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाही चालूच असतो.

कोथरूडमधलं एक घर धरू. 9 लाखांची गाडी आठ वर्षांनी 3 लाखांना विकली, तर किमतीतली घट महिन्याला 6,250 रुपये. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांचे वर्षाला 33,000 धरले, तर आणखी 2,750. म्हणजे चावी न फिरवताच 9,000 गेले. कर्जाचं व्याज वेगळंच. महिन्याला 500 किलोमीटर फिरलं, तर पेट्रोलचे साधारण साडेचार हजार.

याच घरातली नोकरदार व्यक्ती वनाजहून मेट्रोने रामवाडीकडे जाते. दोन्ही टोकांच्या रिक्षांसह रोजचे दीडशे रुपये धरले, तरी 22 दिवसांचे 3,300 होतात. आठवड्याला चारशेच्या दोन कॅब धरल्या, तर साधारण 3,500. उरलेल्या सहा-सात हजारांत महिन्यातून एकदा भाड्याची गाडी करून गावी जाऊन येता येतं.

पण पत्ता बदलला की हिशेब बदलतो. घरापासून स्टेशन दूर असेल आणि भर पावसात कॅब एकामागून एक रद्द होत असतील, तर रोजचा खर्चही वाढतो आणि खोळंबाही. घरात डायलिसिसचा रुग्ण असेल, तर गाडी घ्यावीच.

इतरांनी आधी दोन महिने, त्यातला एक पावसाळ्यातला, गाडीविना काढावेत आणि प्रत्येक भाडं लिहून ठेवावं.