पोट साफ होण्याची पावडर मुलांना महिनोन् महिने द्यावी का?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच औषधाबद्दल आहेत. मुलाला जुने बद्धकोष्ठ आहे, डॉक्टरांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाची पांढरी पावडर पाण्यातून द्यायला सांगितली आहे, आणि ती सहा महिने किंवा त्याहूनही जास्त द्यावी लागेल असे ते म्हणतात. आयांचा प्रश्न असा, की याची सवय लागणार नाही का? एका आजोबांनी तर कळवले आहे की ग्लायकॉल हे मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालण्याचे विष आहे असे त्यांना शेजाऱ्याने सांगितले, म्हणून त्यांनी नातवाचे औषध बंद करून टाकले. दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचे उत्तर देण्याआधी आजार समजून घेऊ, कारण औषध किती दिवस द्यायचे हे त्यावरच ठरते.

मुलांचे बद्धकोष्ठ बहुधा एका दुखऱ्या दिवसापासून सुरू होते. ताप येऊन गेला, पाणी कमी पडले, किंवा शाळेतला संडास घाण म्हणून मुलाने दोन दिवस दाबून धरले. शौचाला खडा झाला, गुदद्वाराला चीर पडली, रक्ताचा थेंब दिसला. मूल एवढेच शिकते की शी केली की दुखते. मग ते कळ आली की कोपऱ्यात जाऊन उभे राहते, टाचा उचलते, पाय आवळते, लालबुंद होते. घरच्यांना वाटते की ते कुंथते आहे. प्रत्यक्षात ते अडवून धरत असते. आत थांबलेल्या मळातले पाणी आतडे शोषून घेते, खडा आणखी मोठा होतो, पुढची खेप आणखी दुखते. असे महिनोन् महिने चालले की मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग ताणला जाऊन सैल पडतो, आणि भरला तरी मेंदूला तशी सूचना जात नाही.

या अवस्थेत एक फसवी गोष्ट घडते. अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि चड्डी खराब होते. पालक म्हणतात, जुलाब लागले, आणि पोट बांधण्याचे औषध देतात किंवा चालू असलेले औषध थांबवतात. इलाज बरोबर उलटा हवा असतो.

आता पावडरीकडे येऊ. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, ज्याला आम्ही थोडक्यात पेग म्हणतो, हा एक लांब साखळीचा पदार्थ आहे. मुलांना देतात त्याच्या नावापुढे बहुधा ३३५० हा आकडा असतो. त्याचा अर्थ साखळीत सरासरी पाऊणशे कड्या आहेत. एवढी लांब साखळी आतड्याच्या भिंतीतून आत शिरू शकत नाही. घेतलेल्या पावडरीतले हजारात दोन-तीन भाग रक्तात जातात आणि लघवीवाटे निघून जातात. बाकीची सगळी, प्यालेले पाणी धरून ठेवत, आतड्यातून सरळ खाली उतरते आणि मळ मऊ करते. एरंडेल किंवा सोनामुखी आतड्याला चिमटा काढून कामाला लावतात, तसे हे करत नाही. आतड्यातले जंतूही ती फारशी आंबवत नाहीत, म्हणून लॅक्टुलोजच्या गोड औषधाने होतो तेवढा वायू हिने होत नाही.

रेडिएटरमधले विष म्हणजे एथिलीन ग्लायकॉल. ती एकच सुटी कडी, आतड्यातून सहज रक्तात जाणारी. तिची बहीण डायएथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते. महाराष्ट्राला ही बहीण ठाऊक आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तिची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले होते. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची वीसहून अधिक बालके खोकल्याच्या औषधातल्या याच विषाने गेली. त्यांतल्या काहींवर नागपुरात उपचार चालू होते. तेव्हा आजोबा घाबरले यात नवल नाही. पण नावातला सारखेपणा म्हणजे पदार्थाचा सारखेपणा नव्हे.

तरी एक प्रश्न उरतोच. साखळी तयार करताना काही सुट्या कड्या मागे राहिल्या तर? २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याला तपासलेल्या नमुन्यांत अशा कड्यांचा अंश सापडलाही होता. म्हणून तिथल्या ओहायो राज्यातल्या डॉक्टरांनी रोज पेग घेणाऱ्या नऊ मुलांना औषध दिल्यावर तीन तास दर अर्ध्या तासाने त्यांचे रक्त तपासले, आणि औषध न घेणाऱ्या अठरा मुलांशी त्याची तुलना केली. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एथिलीन ग्लायकॉलचे मूळ प्रमाण दोन्ही गटांत सारखेच निघाले, आणि डायएथिलीन ग्लायकॉलचे औषध घेणाऱ्या मुलांत उलट कमी होते. औषध न घेणाऱ्या मुलांच्या रक्तातही त्यांचा अंश होता, कारण हे पदार्थ रोजच्या वापरातल्या पुष्कळ वस्तूंत असतात. औषध दिल्यावर एथिलीन ग्लायकॉल आणि ट्रायएथिलीन ग्लायकॉल नावाचा तिसरा पदार्थ काही वेळ वाढलेले दिसले, पण ते घातक पातळीच्या कितीतरी खाली होते. नऊ मुले म्हणजे फार नव्हेत, हे खरे. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेतल्याच आयोवा येथील डॉक्टरांनी सरासरी साडेआठ महिन्यांहून जास्त काळ पेग घेतलेल्या ८३ मुलांचे रक्त, यकृत, मूत्रपिंड आणि क्षार तपासले होते. त्यांना औषधामुळे झालेला कोणताही गंभीर दोष आढळला नाही. अमेरिकेतल्या काही पालकांनी मुलांचे वागणे बदलले, चिडचिड वाढली अशा तक्रारी नोंदवल्या आहेत. औषधाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. तरी असे काही जाणवले तर डॉक्टरांच्या कानावर घालावे, मनात ठेवू नये.

पाकिटावर सात दिवसांची मर्यादा का छापतात, हेही काही वाचकांनी विचारले आहे. ती सूचना दुकानातून स्वतःहून घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी आहे. सात दिवसांत पोट सुधारले नाही तर आत दुसरा आजार असू शकतो, तो दडून राहू नये म्हणून ती आहे. तपासलेल्या आणि वेळोवेळी पाहिल्या जाणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. युरोप व अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये मिळून जे मार्गदर्शन केले, त्यात मुलांच्या बद्धकोष्ठावर पहिले औषध म्हणून पेगच सांगितले आहे आणि ते किमान दोन महिने चालू ठेवावे असे म्हटले आहे.

मात्रा कशी ठरते ते एका मुलाच्या उदाहरणाने सांगतो. माझ्याकडे आलेला हा मुलगा पाच वर्षांचा, वजन १६ किलो. चार-पाच दिवसांतून एकदा शौच, तीही रडून, आणि रोज दोन चड्ड्या खराब. एका दुकानातून आणलेली हीच पावडर त्याला आठ दिवस दिली होती. पोट जरा सुटले तशी बंद केली, आणि पंधरा दिवसांत सगळे पहिल्यासारखे झाले. पोट चाचपल्यावर डाव्या बाजूला खाली दगडासारखा गोळा हाताला लागत होता.

आधी हा गोळा काढायचा असतो. त्यासाठी दर किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम अशी मात्रा तीन ते सहा दिवस देतात. दीड ग्रॅमने या मुलाचे २४ ग्रॅम झाले. पाकीट १७ ग्रॅमचे होते. एक पाकीट २४० मिलिलिटर पाण्यात विरघळवले की दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ७ ग्रॅम औषध येते, म्हणून त्याला दिवसभरात थोडे थोडे करून ३४० मिलिलिटर द्यायला सांगितले. आईला आधीच बजावले होते की पहिले दोन दिवस चड्ड्या जास्त खराब होतील, तेव्हा घाबरून थांबवू नका. चौथ्या दिवशी पोट मऊ लागले.

त्यानंतर रोजची मात्रा. ती किलोमागे ०.४ ग्रॅमपासून सुरू करतात. १६ किलोला ६.४ ग्रॅम, म्हणजे त्याच पाण्यातले ९० मिलिलिटर. उरलेले पाणी झाकून फ्रीजमध्ये ठेवावे, दुसऱ्या दिवशी टाकून द्यावे. घरातल्या चमच्याने पावडर मोजू नये, कारण एका घरातला चमचा दुसऱ्या घरातल्याशी जुळत नाही. पाणी मात्र औषधाच्या मापाने अचूक मोजता येते. रोज एकदा, न दुखता, पिकल्या केळ्याइतकी मऊ शौच होणे हे आमचे माप. खडा झाला तर मात्रा थोडी वाढवायची, पाण्यासारखी झाली तर पाव हिश्शाने कमी करायची. किलोमागे ०.८ ग्रॅम ही रोजच्या मात्रेची सर्वसाधारण वरची मर्यादा. या मुलाला ११० मिलिलिटरवर स्थिर व्हायला तीन आठवडे लागले.

एक सावधगिरी. मोठ्यांच्या दुर्बिणीच्या तपासणीआधी आतडे धुण्यासाठी दोन लिटर पाण्यात मिसळायचे मोठे पाकीट मिळते. त्यातही पेगच असते. नावावरून ते मुलासाठी घेऊन येऊ नये.

आणि देखरेख म्हणजे नेमके काय? औषध सुरू करण्याआधी काही गोष्टी विचाराव्या लागतात. जन्मानंतर पहिली काळी शी दोन दिवसांत झाली होती का? त्रास पहिल्या महिन्यापासूनच आहे का? वजन वाढत नाही, पोट फुगून टणक आहे, हिरवी उलटी होते, पाय लुळे वाटतात, कमरेखाली पाठीवर केसांचा झुपका आहे, यांतले काही असेल तर पावडरीआधी तपासणी हवी. आतड्यात खरा अडथळा असेल तर हे औषध द्यायचेच नसते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. बाकी निरोगी मुलाला दर भेटीत रक्त तपासण्याची गरज नाही. मी वजन घेतो, पोट चाचपतो आणि शौचाची वही पाहतो. मूल वाढले की मात्राही बदलते. मधे उलट्या-जुलाबाची साथ आली किंवा मूल काही पीत नसेल तर औषध तेवढे दिवस थांबवायचे.

सवयीची भीती इथे उलगडते. औषध बंद केले की त्रास परत येतो, तो बहुधा सैल पडलेले आतडे अजून आवळले नसल्यामुळे. प्लास्टर आठ दिवसांत काढले तर हाड पुन्हा हलते, त्यातला हा प्रकार. आतडे आकाराला यायला आणि मुलाच्या मनातली भीती जायला महिने लागतात. औषध चालू असतानाच रोज जेवणानंतर पाच-दहा मिनिटे बसवायचे, रागावायचे नाही. कमोड असेल तर पायांखाली पाट द्यायचा. भारतीय पद्धतीच्या संडासात ती अडचण येत नाही. दूध कमी, वरण-भाजी जास्त, एवढे पुरे.

तक्रार पूर्ण थांबून एक महिना तरी गेल्याशिवाय मी मात्रा कमी करायला हात लावत नाही, आणि मग एकदम बंदही करत नाही. या मुलाची सहाव्या महिन्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी पाव हिश्शाने कमी केली. शाळेच्या सहलीनंतर एकदा खडा झाला तेव्हा आधीच्या मात्रेवर परत नेली आणि महिनाभर तिथेच ठेवली. सहा ते बारा महिन्यांत सुमारे निम्मी मुले औषधाशिवाय नीट राहू लागतात. उरलेल्यांना आणखी वेळ लागतो. या मुलाला दहा महिने लागले.