आठशे अठ्ठावीस रुपये कसे झाले?

संध्याकाळी सात वाजता अंधेरी पूर्वेहून नरिमन पॉइंटला जायचं आहे. ॲपवर पाहिलं तर भाडं आठशेच्या वर दिसतं. परवा याच रस्त्याला सहाशेच्या आसपास पडले होते. मग आज जास्तीचे दोनशे कशाचे? ॲप एकच आकडा दाखवतं, आणि घाईत असलेला माणूस तो मान्य करून गाडीत बसतो. त्या एका आकड्यात चार-पाच वेगवेगळ्या रकमा असतात. त्यांतल्या काही एकमेकींत मिळवलेल्या असतात आणि एक मात्र बाकीच्यांना गुणते. कोणती रक्कम गुणली जाते आणि कोणती नुसती मिळवली जाते, हे कळलं की बिल वाचता येतं.

सुरुवात काळ्या-पिवळीपासून करू, कारण तिचा हिशेब सगळ्यांत उघडा आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दराने मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे पडतात. बरेच जण ३१ रुपये ही वेगळी रक्कम धरतात आणि त्यावर सगळ्या किलोमीटरांचे पैसे मिळवून पाहतात. तसं नाही. २०.६६ ला दीडने गुणलं की ३०.९९ येतात, म्हणजेच ३१. ते पहिल्या दीड किलोमीटरचंच भाडं आहे. फरक एवढाच की तुम्ही कोपऱ्यावर, अर्ध्या किलोमीटरवर उतरलात तरी ते पूर्ण द्यावं लागतं. लांबच्या प्रवासात मूळ भाड्याचा बोजा वेगळा जाणवतच नाही. पंचवीस किलोमीटरचे ३१ अधिक साडेतेवीस किलोमीटरचे ४८५.५१, म्हणजे साधारण ५१७ रुपये. सरळ २५ गुणिले २०.६६ केलं तरी उत्तर तेच येतं.

याच दरातून मीटर तपासण्याची एक सोपी रीत निघते. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुरळीत चालली असेल तर एका किलोमीटरला मीटर वीस-एकवीस रुपयांनीच पुढे जायला हवं. मोबाइलवर नकाशा उघडून दोन-तीन किलोमीटर मोजून पाहा. सिग्नल नाही, गर्दी नाही आणि तरी किलोमीटरमागे पंचवीस-तीस रुपये चढत असतील, तर त्या मीटरमध्ये नक्की काहीतरी गडबड आहे. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत मात्र पंचवीस टक्के जादा भाडं अधिकृत आहे, तेव्हा या वेळेत मीटरला दोष देण्याआधी घड्याळ बघा.

ॲपवरच्या गाडीत मूळ भाड्याचा स्वभाव बदलतो. तिथे ते बऱ्याचदा किलोमीटरांच्या वर घेतलेलं असतं, गाडीत बसण्याचेच पैसे म्हणा ना. हिशेबासाठी आपण एक दरपत्रक मनाशी धरू: मूळ भाडं ५० रुपये, किलोमीटरला १४ रुपये, आणि गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला दीड रुपया. घरापासून स्टेशनपर्यंतच्या दोन किलोमीटरला आठ मिनिटं लागली, तर ५० अधिक २८ अधिक १२ असे ९० रुपये होतात, म्हणजे किलोमीटरमागे ४५. आपल्या अंधेरी-नरिमन पॉइंटच्या पंचवीस किलोमीटरला तासभर लागला, तर ५० अधिक ३५० अधिक ९० असे ४९० होतात, म्हणजे किलोमीटरमागे वीसहून थोडे कमी. जवळच्या प्रवासाला ॲपची गाडी महाग का वाटते, याचं उत्तर या पन्नास रुपयांत आहे. ‘एवढ्याशा अंतराला नव्वद?’ असं म्हणत आपण ड्रायव्हरकडे रागाने बघतो. तो बिचारा काय करणार? दर त्याने ठरवलेला नसतो.

वेळेच्या पैशांत सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे जरा थांबू या. काळ्या-पिवळीचं मीटर अंतर आणि वेळ एकाच वेळी मोजत नाही. गाडी ठरावीक वेगाच्या वर असली की अंतर मोजलं जातं. सिग्नलला उभी राहिली किंवा गर्दीत रांगू लागली की वेळ मोजली जाते. ॲपच्या गाडीत मात्र मिनिटांचे पैसे सबंध प्रवासात चालूच असतात, गाडी द्रुतगती महामार्गावर धावत असली तरी. किलोमीटरचा दर कमी दिसतो तो त्यामुळेच. उरलेली वसुली मिनिटांतून होते.

शिवाय ॲपमध्ये तिसरा एक प्रकार आहे. गाडी दारात आली आणि आपण खाली उतरायला उशीर केला, तर पहिली काही मिनिटं फुकट आणि त्यानंतर प्रत्येक मिनिटाचे पैसे लागतात. ही रक्कम बिलात वेगळ्या ओळीने यायला हवी. ती ड्रायव्हरने ‘मी पोहोचलो’ असं कळवलं त्या क्षणापासून मोजली जाते. तो गल्लीच्या तोंडाशी उभा असेल आणि तुम्ही इमारतीच्या दाराशी, तरी मोजणी सुरूच राहते. अशी रक्कम चुकीची वाटली, तर गाडी कधी पोहोचली आणि प्रवास कधी सुरू झाला, या बिलावरच्या दोन वेळा पाहाव्यात. आपल्या हिशेबात चार मिनिटं उशीर आणि मिनिटाला दोन रुपये धरू. आठ रुपये.

आता सर्ज. शहराचे लहान लहान भाग पाडलेले असतात. प्रत्येक भागात किती जण गाडी मागताहेत आणि किती गाड्या रिकाम्या आहेत, याचा हिशेब दर काही मिनिटांनी होतो. मागणी वाढली की त्या भागापुरता गुणक चढतो. म्हणूनच स्टेशनच्या दाराशी एक भाडं दिसतं आणि दोन गल्ल्या सोडून दुसरंच. आपल्या संध्याकाळी गुणक १.४ धरला, तर ४९० चे ६८६ होतात. लक्षात घ्या, मूळ भाडं, किलोमीटर आणि मिनिटं अशा तिन्हींना गुणलं गेलं. उशिराचे आठ रुपये बाहेर राहिले.

सर्ज म्हणजे निव्वळ लूट, असं मला वाटत नाही. १ जानेवारी २०१५ च्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये उबरची सर्जची यंत्रणा सव्वीस मिनिटं बंद पडली होती. कंपनीच्या अभ्यासकांनी पुढे त्याचा अभ्यास मांडला. त्यात दिसलं की भाडी उतरताच गाडी मागणारे वाढले, आणि मागणाऱ्या चौघांपैकी एकालाही धड गाडी मिळेना. अभ्यास कंपनीच्याच माणसांचा आहे, हे ध्यानात ठेवूनही त्यातला मुद्दा पटतो. भाडं चढलं की ज्याला थांबणं शक्य आहे तो थांबतो, आणि घरी बसलेला एखादा ड्रायव्हर गाडी बाहेर काढतो. पण ही दुसरी गोष्ट घडायला रस्ता मोकळा हवा. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं, मिलन सबवे बंद झाला, की गुणक दोनावर नेला तरी गाडी येणार कुठून? अशा वेळी वाढलेल्या भाड्याने गाड्या वाढत नाहीत. अडकलेल्या माणसांतला ज्याचा खिसा जड तो आधी घरी पोहोचतो, इतकंच. भाडेवाढीला सरकारने मर्यादा घालणं मला म्हणूनच योग्य वाटतं.

मर्यादा कशाच्या तुलनेत मोजायची, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी मूळ दराच्या दुपटीपर्यंत मुभा दिली. महाराष्ट्राने आपल्या धोरणात ती दीडपटीवर ठेवली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या ॲप टॅक्सींसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा दर ठरवला. दीडपट मोजायची ती या सरकारी दराच्या. कंपनीच्या दरपत्रकाशी तिचा संबंध नाही. आपल्या पंचवीस किलोमीटरला सरकारी दराने ५६८ रुपये होतात, त्याची दीडपट ८५२. आपले ६८६ त्याच्या बरेच आत आहेत. ॲपच्या लेखी ती १.४ पट, सरकारी दराशी ताडून पाहिली तर जेमतेम १.२१ पट. उलटही घडू शकतं. दोन किलोमीटरच्या त्या ९० रुपयांना आज काहीही गुणक लागलेला नाही, पण ते किलोमीटरमागे ४५ पडताहेत. इतक्या जवळच्या प्रवासाला किमान भाड्याचा नियम लागतो, म्हणून तिथे हा भागाकार करून निष्कर्ष काढू नये.

राहिला टोल. वांद्रे-वरळी सागरी सेतूचा गाडीचा एकेरी टोल १०० रुपये आहे, आणि पुढचा कोस्टल रोड टोलमुक्त आहे. टोल हा ड्रायव्हरच्या फास्टॅगमधून गेलेला पैसा. तो तेवढाच परत द्यायचा, त्याला गुणक लागत नाही. चुकून कंसात टोल धरला तर १०० चे १४० होतील. दोन गोष्टी नेमाने बघाव्यात. ॲपने सेतूचा रस्ता धरून आधीच टोल मिळवला आणि गाडी माहीमवरून गेली, तर ती रक्कम बिलातून जायला हवी. बिलावर प्रवासाचा नकाशा असतो, त्यात रस्ता दिसतो. दुसरं, दहिसर, मुलुंडचे दोन्ही, ऐरोली आणि वाशी या मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर १५ ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही. ठाण्याहून दादरला येताना कुणी टोल मागितला, तर तो देऊ नये. सेतूवर परतीच्या टोलचे जादा पैसेही तुम्ही कबूल केले नसतील तर तुमचे नाहीत.

६८६ अधिक उशिराचे ८, म्हणजे ६९४. त्यावर पाच टक्के जीएसटी ३४ रुपये ७० पैसे. टोल १००. एकूण ८२८ रुपये ७० पैसे.

पुष्कळदा बिलात हे सगळं सुटं दिसत नाही, ‘प्रवास भाडं’ अशी एकच ओळ येते. तेव्हा उलट दिशेने जावं. ८२८.७० मधून टोल वजा केला की ७२८.७० उरतात. त्याला १.०५ ने भागलं की कर निघून ६९४ राहतात. उशिराचे ८ काढले की ६८६. आता याला किलोमीटर गुणिले २२.७२ या रकमेने भागायचं. उत्तर दीडच्या आत असेल तर भाडं महाग असलं तरी नियमात आहे. लांबच्या प्रवासात ते दीडच्या वर गेलं, तर बिल आणि गाडी मागताना दिसलेल्या भाड्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, आधी कंपनीकडे आणि तिथे दाद लागली नाही तर आरटीओकडे तक्रार करा. तक्रारीत ‘फार पैसे घेतले’ असं न लिहिता अंतर, टोल, कर आणि तो भागाकार लिहा.