आडनाव बदललेली मैत्रीण शोधताना

समजा, 1996 साली सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून तुमच्याबरोबर बाहेर पडलेली वैशाली तुम्हाला शोधायची आहे. माहेरचं नाव टाकून काही सापडत नाही, कारण लग्नानंतर तिचं आडनाव बदललं असावं. अशा वेळी थोड्या पैशांत फोन नंबर आणि पत्ता देणाऱ्या साइट्सचा मोह होतो. पण तिथली माहिती तिच्या संमतीशिवाय गोळा केलेली असते, अनेकदा जुनी असते आणि कधी दुसऱ्याच वैशालीची निघते.

त्यापेक्षा जे बदलत नाही, त्यावरून शोधा. तिचं कॉलेज, शाखा आणि वर्ष तेच राहतं. लिंक्डइनवर कॉलेजचं पान उघडून Alumni हा भाग निवडा. तिथे शिक्षणाची वर्षं घालता येतात आणि माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठे काम करतात, काय शिकले यांवरून यादी गाळता येते. शोधाच्या चौकटीत फक्त पहिलं नाव टाका आणि Vaishali, Vaishalee, Vaishaly अशी स्पेलिंगं बदलून पाहा. बरेच जण वर्ष लिहीतच नाहीत आणि त्यामुळे यादीतून गळतात. म्हणून काही हाती लागलं नाही, तर वर्षाची अट काढून शाखेवरून पुन्हा शोधा.

समजा, पुण्यात नोकरी करणारी एक वैशाली सापडली आणि तिच्या नावापुढे पडताळणीची खूण आहे. त्या खुणेवर टिचकी मारून नेमकं काय पडताळलं आहे ते वाचा. ओळख पडताळलेली असेल, तर प्रोफाइलवरचं नाव सरकारी ओळखपत्राशी जुळलं आहे. कंपनी पडताळलेली असेल, तर बहुधा तिने ऑफिसच्या ईमेलवर आलेला कोड भरला आहे. पण तिने लिहिलेलं कॉलेज खरं आहे, असं यातून ठरत नाही. एक्सवरची निळी खूण तर 2023 पासून वर्गणी भरून मिळते. ती ओळखीचा पुरावा मानू नका.

म्हणून खात्री संदेशातून करा. आपलं पूर्ण नाव, शाखा आणि वर्ष लिहा. फायनलच्या प्रोजेक्टमध्ये आपल्या गटात कोण होतं, यासारखा एखादा तपशील विचारा. तिचा नंबर मागू नका, आपला ईमेल द्या. तुमच्याही नावाने कोणी फसवणूक करू शकतं, हे तिला माहीत असतं. सामायिक मित्र असेल, तर त्याच्याकडून तिचा नंबर घेऊ नका, आपला नंबर तिच्यापर्यंत पोहोचवायला सांगा.

उत्तर आलं नाही, तर कदाचित ती ते खातं उघडतच नसेल, किंवा तिला बोलायचं नसेल. बाहेरून हे दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून एक संदेश पुरे. पुढे तिच्या ऑफिसात फोन करणं किंवा नातेवाइकांना गाठणं टाळा.