क्रेडिट किती आणि कधीपर्यंत? लेखी कळवा

नव्या सॉफ्टवेअर कंपनीत दर महिन्याला न चुकता येणारे मोठे खर्च दोन: पगार आणि सर्व्हर. यातला दुसरा खर्च सुरुवातीची काही वर्षं आपण उचलू, असं मोठ्या क्लाउड कंपन्या स्टार्टअपना सांगतात. त्यासाठी पैसे हातात दिले जात नाहीत. ग्राहकाच्या खात्यावर ठरावीक रकमेचं क्रेडिट जमा होतं आणि दर महिन्याचं बिल त्यातून वळतं होतं. क्रेडिट विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि मुदत संपली की उरलेली रक्कम जाते. म्हणूनच रक्कम आणि मुदत या दोन गोष्टी सर्व्हर हलवण्याआधी लेखी मागून घेणारं पत्र संस्थापकाने पाठवायला हवं.

पुण्यातली एक काल्पनिक कंपनी घेऊ. शाळेच्या बस कुठपर्यंत आल्या हे पालकांना मोबाइलवर दाखवणारं अ‍ॅप ती बनवते. क्लाउड कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, “तुमचं 25,000 डॉलरचं क्रेडिट मंजूर झालंय.” संस्थापकाने गृहीत धरलं की ते दोन वर्षं चालेल. पहिले सहा महिने बिल महिन्याला 900 डॉलर आलं, म्हणजे 5,400 डॉलर. शाळा वाढल्या, तसं पुढचे सहा महिने ते 1,500 डॉलरवर गेलं, म्हणजे 9,000 डॉलर. वर्षभरात 14,400 डॉलर वापरले गेले आणि 10,600 उरले.

मुदत खरोखर दोन वर्षांची असेल, तर या उरलेल्या रकमेत आणखी सात महिन्यांचं बिल भागतं. मुदत एकच वर्षाची असेल, तर ती सगळी रक्कम बुडते आणि तेराव्या महिन्यात 1,500 डॉलरचं बिल थेट बँक खात्यातून जातं, वर जीएसटी वेगळा. डॉलर 85 रुपयांना धरला, तर बुडालेली रक्कम नऊ लाखांच्या घरात जाते. फोनवर एक वाक्य विचारायचं राहून गेलं, त्याची ही किंमत.

आकड्याच्या मागे लागलेला ‘पर्यंत’ हा शब्दही नीट वाचावा लागतो. गूगलच्या स्टार्टअप योजनेचं उदाहरण बोलकं आहे. गुंतवणूक मिळालेल्या स्टार्टअपना दोन वर्षांत दोन लाख डॉलरपर्यंत क्रेडिट, अशी तिची ओळख झाली. मात्र तिच्या जाहीर रचनेत पहिल्या वर्षी एक लाख डॉलरपर्यंतचा पूर्ण वापर भागवला जातो, तर दुसऱ्या वर्षी वापराच्या फक्त 20 टक्के रक्कम, तीही एक लाखाच्या मर्यादेत. म्हणजे दुसऱ्या वर्षाचे एक लाख पूर्ण मिळवायचे, तर त्या वर्षी पाच लाख डॉलरचा वापर व्हायला हवा. बसवाली कंपनी अशा योजनेत असती आणि दुसऱ्या वर्षीही महिन्याला 1,500 डॉलर खर्च करत राहिली असती, तर वर्षाच्या 18,000 डॉलरपैकी 3,600 डॉलर क्रेडिटमधून गेले असते. बाकीचे 14,400 तिने स्वतः भरले असते. योजनेने काहीही लपवलेलं नाही. पण फोनवरच्या बोलण्यात बहुधा मोठा आकडाच उरतो.

अशा संस्थापकाचं पत्र साधारण असं असावं:

“विषय: आमच्या खात्यावरील क्रेडिटची रक्कम व मुदत लेखी कळवण्याबाबत.

महोदया,
फोनवर आपण आमच्या कंपनीला 25,000 डॉलरचे क्रेडिट मंजूर झाल्याचे सांगितलेत. त्या आधारावर आम्ही आमचे सर्व्हर आपल्याकडे हलवण्याचा निर्णय घेत आहोत. आमचा खाते क्रमांक सोबत दिला आहे. कृपया या ईमेलच्या उत्तरात पुढील बाबी कळवाव्यात.

1. मंजूर रक्कम नेमकी किती? ती एकरकमी जमा होणार की टप्प्याटप्प्याने? टप्पे असल्यास प्रत्येकाची अट काय?
2. मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाईल: मंजुरीच्या, खात्यावर जमा झाल्याच्या, की पहिल्या वापराच्या? शेवटची तारीख कोणती आणि ती कोणत्या वेळेनुसार?
3. कोणत्या सेवांचे बिल या क्रेडिटमधून वळते होणार नाही?
4. या क्रेडिटला लागू असलेल्या अटींची प्रत किंवा दुवा पाठवावा.

आपले उत्तर आल्यावर आम्ही काम सुरू करू.”

यातला दुसरा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण मंजुरी जानेवारीत मिळाली आणि सर्व्हर हलवायला एप्रिल उजाडला, तर मुदत मंजुरीपासून मोजणाऱ्या योजनेत तीन महिने वापराविना निघून जातात. वेळेचा प्रश्नही खरा आहे. एडब्ल्यूएसचं बिल यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजलं जातं, जी भारताच्या साडेपाच तास मागे आहे. गूगल क्लाउडचं बिल अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने चालतं. त्यामुळे शेवटचा दिवस आपल्या कॅलेंडरप्रमाणे संपेलच असं नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर न वाचल्याने क्रेडिट शिल्लक असूनही कार्डवर बिल लागतं. एडब्ल्यूएसच्या प्रोत्साहन क्रेडिटच्या अटींत डोमेन नावाची नोंदणी, मार्केटप्लेसवरून घेतलेली इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर आणि सवलतीसाठी वर्षभराची आगाऊ भरलेली रक्कम यांसारख्या गोष्टी वगळलेल्या आहेत. बसवाल्या कंपनीने एखादं तयार सुरक्षा सॉफ्टवेअर मार्केटप्लेसमधून घेतलं, तर त्याचे पैसे पहिल्या महिन्यापासून खिशातूनच जातील.

आलेलं उत्तर कसं वाचायचं? “आपला अर्ज पुढे पाठवला आहे” किंवा “आपण पात्र आहात” याचा अर्थ क्रेडिट मिळालं असा होत नाही. रक्कम, तारीख आणि खाते क्रमांक या तिन्ही गोष्टी एकाच उत्तरात असतील, तरच ते कामाचं. प्रतिनिधीचं काम विक्रीचं असतं आणि कंपनीच्या अटी बदलण्याचा अधिकार त्याला बहुधा नसतो. म्हणून तेच प्रश्न कंपनीच्या बिलिंग विभागाकडे तक्रार क्रमांक घेऊनही विचारावेत. क्रेडिट जमा झाल्यावर खात्यातलं `Credits` हे पान उघडून तिथली रक्कम, शिल्लक आणि शेवटची तारीख पत्राशी ताडून पाहावी. तफावत दिसली, तर त्याच दिवशी त्या ईमेलच्या साखळीत कळवावं.

ईमेलला किंमत आहे का, असा प्रश्न काहींना पडेल. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता देतो, आणि करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही, असंही त्यात म्हटलं आहे. मात्र ग्राहक करारात ‘हा करार म्हणजेच संपूर्ण समजूत’ अशा अर्थाचं कलम असतं. आधी तोंडी झालेली आश्वासनं त्याने बाजूला पडतात, आणि क्रेडिटच्या छापील अटींच्या पलीकडे जाणारं ईमेलमधलं वचनही वादाचा विषय होऊ शकतं. उत्तर अटींशी जुळतं का, हे तपासण्यासाठीच चौथा मुद्दा पत्रात हवा.

आणखी एक काम संस्थापकाने स्वतः करायचं असतं. क्रेडिट वजा करून खर्च दाखवला, की मुदत संपेपर्यंत आकडा शून्यच दिसतो आणि बजेटची सूचना कधी वाजतच नाही. एडब्ल्यूएसच्या बजेट सोयीत क्रेडिट वगळून खर्च पाहता येतो. तसं बजेट पहिल्याच आठवड्यात लावावं. मुदतीच्या तीन महिने आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकावी, म्हणजे सर्व्हर कमी करायचे, मुदतवाढ मागायची की बिलाची तरतूद करायची, हे ठरवायला वेळ मिळतो. आणि पत्र आजच लिहावं. सर्व्हर हलवण्याआधी दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची मोकळीक असते. हलवल्यानंतर तीच मोकळीक महाग पडते.