ताटातले तीन रकाने

केळव्यातल्या दुसरीच्या मुलांना समतोल आहार शिकवायचा, तर तक्त्यावर सफरचंद कशाला हवे? गावातलेच जिन्नस घ्या. तीन रकाने आखा: शक्ती देणारे, शरीर बांधणारे आणि आजारापासून राखणारे. मग भात, बटाटा, खोबरे, सुके बोंबील, वाल, अंडे, माठ, शेवग्याचा पाला, पेरू अशी नऊ चित्रे मुलांना लावायला द्या.

बटाटा बरीच मुले माठाशेजारी ठेवतील. त्यांचे काय चुकले? घरी आपण 'बटाट्याची भाजी'च म्हणतो ना! पण बटाट्यात भातासारखे पिष्टच मुख्य, म्हणून तो पहिल्या रकान्यात. खोबरेही तिथेच, कारण त्यात तेल पुष्कळ. वालात पिष्ट आणि प्रथिने दोन्ही असतात. अशा वेळी नियम एकच: जिन्नस मुख्यतः कशासाठी खातो ते पाहावे. वाल दुसऱ्या रकान्यात.

आता एक ताट लावून पाहा: भात, बटाट्याची भाजी, तांदळाचा पापड. जिन्नस तीन, पण रकाना एकच! पोट भरले, तरी दोन रकाने रिकामे. पापडाऐवजी बोंबलाचे कालवण किंवा वालाची उसळ आणि बटाट्याऐवजी माठ घेतला, की तिन्ही भरतात.

मात्र 'काल घरी काय जेवलास?' असे वर्गात सर्वांदेखत विचारू नये. ज्याच्या घरी नुसता भात शिजला, ते मूल खाली मान घालते. ताट कागदावरचेच असू द्यावे.