ओळख, शंभर शब्दांत

भाचेसून सांगलीहून दोन दिवसांसाठी आली होती. जेवणं आटोपल्यावर तिनं फोन पुढे केला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं लोकांकडून टायपिंग करून घेतलंत. हे जरा वाचता का?" मुलगी शाळेत जायला लागल्यापासून तिला दुपार मोकळी मिळते, आणि त्या वेळात घरबसल्या मराठी टायपिंगची आणि रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायची कामं घ्यायचं तिनं ठरवलं होतं. फ्रीलान्स कामाच्या एका संकेतस्थळावर खातं उघडून झालं होतं. अडलं होतं ते 'स्वतःविषयी' या चौकटीपाशी.

तिनं लिहिलं होतं: 'नमस्कार. मी एक प्रामाणिक आणि मेहनती गृहिणी आहे. मला मराठी भाषेची आवड आहे. मी कोणतंही काम शंभर टक्के अचूक आणि वेळेत करून देईन. कृपया एक संधी द्या.'

यात खोटं काही नव्हतं, पण हेच वाक्य पापड लाटणारी, शिकवणी घेणारी किंवा हिशेब लिहिणारी बाईसुद्धा लिहू शकली असती. मी एका छोट्या प्रकाशनात वीसेक वर्षं हस्तलिखितं टायपिंगला द्यायचं काम केलं. नवीन माणूस समोर आला की तो प्रामाणिक आहे का, हा प्रश्न माझ्या डोक्यात शेवटी यायचा. आधी यायचं ते असं: याची फाइल माझ्याकडे उघडेल का? लेखकाचं अक्षर याला लागेल का? मंगळवार म्हणाला तर मंगळवारी देईल का? 'स्वतःविषयी'च्या चौकटीत या प्रश्नांची उत्तरं हवीत. शिवाय यादीत नाव दिसतं तेव्हा त्या मजकुराच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. त्या 'नमस्कार' आणि 'आवड' यांत खर्च झाल्या की पुढचं वाचायला कोणी थांबत नाही.

फाइल उघडण्याचा प्रश्न बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतो. मराठी टायपिंगमध्ये निम्मी भांडणं त्यावरून होतात. जुन्या डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपी, कृतिदेव असे फॉन्ट वापरायची पद्धत होती आणि काही ठिकाणी ती अजून आहे. या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरंच असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर `ejkBh` असा दिसतो. युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट कुठलाही असो, मराठी मराठीच दिसते. छपाईवाल्या काही जणांना मात्र अजून श्रीलिपीतच फाइल लागते. म्हणून आपण काय देतो ते स्पष्ट लिहावं. भाचेसून युनिकोडमध्येच टाइप करते. मग तसं एक वाक्य हवं, आणि ते वरच हवं.

दुसरी गोष्ट मला तिच्याच मजकुराच्या पुढच्या भागात सापडली. तिथे तिनं 'वर्हाडी भाषा समजते' असं लिहिलं होतं. रफार ह वर चढला होता. हवा होता 'वऱ्हाडी', आडव्या डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा र घालून. दुसऱ्या, पुढाऱ्यांना, तऱ्हा हे शब्दही त्याच घरातले. साधा र, मग हलन्त, मग ह असं दाबलं की संगणक रफारच देतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी खाली नुक्ता असलेला ऱ घ्यावा लागतो: शिफ्ट धरून `j`, मग हलन्तासाठी `d`, मग `u`. तिला हे माहीत होतं, पण फोनवर घाईत लिहिताना राहून गेलं. मराठी टायपिंग करते म्हणणाऱ्या बाईच्या ओळखीत ही चूक म्हणजे शिंप्याच्या सदऱ्याला उलटी गुंडी. गिऱ्हाईक तुमचा नमुना नंतर मागवील. पहिला नमुना ही ओळखच असते. ती संगणकावर टाइप करावी, कागदावर छापून वाचावी आणि मगच चौकटीत चिकटवावी.

चूक बाजूला ठेवली तर ते वाक्य मात्र सोन्यासारखं होतं, आणि ती त्याला शेवटी लपवून बसली होती. तिचं माहेर अकोल्याचं. 'मले', 'तुले', 'काय करून राहिला' हे तिच्या कानावर लहानपणापासून पडलेलं. लग्न होऊन सांगलीत आल्यावर 'काय करालाईस' सुरू झालं. टायपिंगला याचा उपयोग थोडा, पण रेकॉर्डिंग लिहून काढताना फार. शेतकऱ्यांच्या मुलाखती घेणारे संशोधक, गावोगाव फिरणारे पत्रकार, आजोबांच्या आठवणी टिपून ठेवणारी नातवंडं, अशांची रेकॉर्डिंगं प्रमाण मराठीत नसतात. पुण्यात वाढलेला वेगवान टायपिस्ट वऱ्हाडी म्हातारीचं बोलणं चार वेळा मागे नेऊन ऐकतो आणि तरी एखादा शब्द भलताच लिहितो. सासर-माहेर हा इथे घरगुती तपशील राहत नाही, ती कामाची पात्रता होते. मी तिला विचारलं, "म्हातारी 'मले' म्हणाली तर तू काय लिहिणार, मले की मला?" ती विचारात पडली. खरं उत्तर असं की ते काम देणाऱ्यानं ठरवायचं. भाषेचा अभ्यासक 'मले'च मागेल, अडखळणं आणि 'म्हणजे, म्हणजे'सुद्धा जसंच्या तसं मागेल. मासिकाच्या संपादकाला साफसूफ केलेला मजकूर हवा असतो. हे आधी विचारून घेते, एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याला कळतं की बाईनं हे काम केलेलं आहे किंवा निदान त्यावर विचार केलेला आहे.

मग वेळेचा प्रश्न आला. 'वेळेत' म्हणजे किती, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. राज्य परीक्षा परिषदेची मराठी टायपिंगची मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा ती पास झाली आहे, त्यावरून तिनं मनाशी धरलं होतं की तासाभराचं रेकॉर्डिंग दीड-दोन तासांत होईल. आम्ही हिशेब मांडला. माणूस निवांत बोलला तरी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. १२० धरले तर तासाला ७,२०० शब्द झाले. मिनिटाला ४० शब्दांनी न थांबता टाइप केलं तरी नुसत्या टायपिंगचेच तीन तास होतात. त्यात मागे जाऊन पुन्हा ऐकणं, दोघं एकदम बोलले तर वेगळं करणं, नावं तपासणं आणि शेवटी सगळं एकदा ऐकत वाचणं आलंच. हिशेबावर न थांबता तिनं दुसऱ्या दिवशी माझंच दहा मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि घड्याळ लावून लिहून काढलं. तपासणीसकट एक तास दोन मिनिटं लागली. म्हणजे अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगला तीन तास. तिला रोज तेवढेच मिळतात, अकरा ते दोन. तेव्हा वचन द्यायचं ते दोन दिवसांचं. मधला दिवस पोरीच्या तापासाठी किंवा गेलेल्या विजेसाठी.

हस्तलिखिताचंही असंच मोजलं. माझ्याकडे एका नातेवाइकांची वही होती, त्यातलं एक पान टाइप करून वाचून काढायला तिला सतरा मिनिटं लागली. तीन तासांत दहा पानं बसतात. दहाच लिहायची, पंधरा नाही.

'शंभर टक्के अचूक' हे मी तिला खोडायला लावलं. पंख्याच्या घरघरीत बोललेला शब्द कोणालाच शंभर टक्के लागत नाही, आणि हे काम देणाऱ्याला माहीत असतं. त्याला भीती वेगळीच असते. न कळलेल्या जागी टायपिस्ट जवळपासचा शब्द ठोकून देतो, वाक्य गुळगुळीत दिसतं आणि चूक कोणाला सापडतच नाही. चांगला माणूस तिथे [अस्पष्ट ००:१४:३२] असं लिहितो, म्हणजे चौदाव्या मिनिटाच्या बत्तिसाव्या सेकंदाला जाऊन मालकानं स्वतः ऐकावं. अशी खूण करते, हे वाक्य अचूकतेच्या टक्क्यांपेक्षा जास्त भरवसा देतं.

आता 'गृहिणी' या शब्दाचं काय? तो ठेवायला माझी हरकत नव्हती. पण 'संधी द्या'च्या शेजारी तो बसला की दया मागितल्यासारखं दिसतं, आणि दया मागणाऱ्याला दर कमी मिळतो. तिचे कामाचे तास लिहिले की घरचं सगळं त्यात आलंच. तिनं थोडा विचार करून तो शब्द स्वतःच काढला.

शेवटी असा मजकूर तयार झाला:

'मराठी हस्तलिखितं टाइप करून देते. मराठी मुलाखती आणि भाषणं ऐकून लिहून काढते. फाइल युनिकोडमध्ये देते, ती कुठल्याही संगणकावर आणि फोनवर उघडते. माहेर अकोल्याचं, सासर सांगलीचं. वऱ्हाडी आणि दक्षिण महाराष्ट्रातली बोली दोन्ही ऐकून कळतात. बोली जशीच्या तशी ठेवायची की प्रमाण मराठीत आणायची, ते कामाआधी विचारून घेते. न कळलेल्या शब्दाचा अंदाज बांधत नाही, तिथे वेळेसह खूण करते. सोमवार ते शनिवार रोज तीन तास काम करते. हस्तलिखिताची दहा पानं एका दिवसात, अर्ध्या तासाचं स्पष्ट रेकॉर्डिंग दोन दिवसांत. मराठी टायपिंगची मिनिटाला ४० शब्दांची सरकारी परीक्षा उत्तीर्ण. काम नव्यानं सुरू केलं आहे. दोन नमुने खाली जोडले आहेत. रेकॉर्डिंग माझ्याशिवाय कोणी ऐकत नाही; काम पोचल्याचं कळवलंत की माझ्याकडची फाइल पुसते.'

शंभरेक शब्द झाले. खाली हाच मजकूर साध्या इंग्रजीत दिला, कारण काम शोधणारे बरेच जण इंग्रजीतच शोधतात. फोन नंबर आणि पत्ता घातला नाही. अशा बहुतेक संकेतस्थळांवर तो घालायला मनाई असते, आणि बाईमाणसानं तो चारचौघांत टांगू नये हेही आहेच. नमुने म्हणून वहीतलं ते पान, नातेवाइकांना विचारून, आणि माझी ती दहा मिनिटं जोडली. आधी तिनं 'नमुना विनामूल्य करून देईन' असं लिहिलं होतं. ते काढलं, कारण पुस्तकाची दहा-दहा पानं 'नमुना' म्हणून वेगवेगळ्या बायकांना वाटून फुकटात अख्खं पुस्तक टाइप करून घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. काम देण्याआधी नोंदणीचे म्हणून पैसे मागणाऱ्याला तर उत्तरच देऊ नये.

'काम नव्यानं सुरू केलं आहे' हे वाक्य तिला खटकत होतं. मी ते ठेवायला लावलं. कोऱ्या खात्यावर अनुभवाच्या गप्पा लगेच उघड्या पडतात. तिसरं काम पोचतं झालं की ते काढून तिथे काय काय केलं ते लिहायचं, आणि दहा पानांचा आकडा पुन्हा घड्याळ लावून मोजायचा, असं तिला बजावून ठेवलं आहे.